गुडघ्याखालचा पावसाळा

मे संपत आला की कपड्यांच्या दुकानांत ‘मान्सून स्पेशल’च्या पाट्या लागतात आणि त्यांच्याखाली टांगलेले असतात कुर्ते, टॉप आणि रंगीबेरंगी जॅकेटं. म्हणजे कमरेच्या वरचे कपडे. खरं तर कमरेच्या वरचं सांभाळायला छत्री असते. वारा फार तिरका नसेल तर ती मांडीपर्यंतचं बऱ्यापैकी कोरडं ठेवते. भिजतं ते गुडघ्याखालचं. रस्त्यावर आपटून उडणारे थेंब, रिक्षाच्या चाकाचं पाणी, पुढच्या माणसाच्या चपलेचे शिंतोडे आणि आपल्याच चपलेचे त्याहून जास्त, हे सगळं खालून वर येतं आणि त्याला छत्रीचा काही उपयोग नाही. पावसाळ्यासाठी कपड्यांवर पैसे खर्च करायचेच असतील तर ते आधी पँट-सलवारीवर आणि चपलेवर करावेत. वर हवा तो सुती कुर्ता घाला.

डोंबिवलीहून फोर्टमधल्या ऑफिसात जाणारी एखादी बाई डोळ्यांसमोर ठेवू. घरापासून स्टेशन दहा मिनिटं चालत, मग पूल, फास्ट लोकलमध्ये तासाभराहून थोडा जास्त वेळ, उतरल्यावर पुन्हा दहा मिनिटं पायी. त्यानंतर दिवसभर एसी. तिची पँट पहिल्या दहा मिनिटांतच घोट्यापासून पोटरीपर्यंत ओली होते. ती ओली होणारच, हे धरून चालायचं. गाडीतल्या त्या तासाभरात कापड किती सुकतं आणि एसीत किती ओलं राहून गारठवतं, यावर तिचा उरलेला दिवस ठरतो.

ते कशावर ठरतं, हे जरा समजून घेण्यासारखं आहे. मेमध्ये नागपुरात चादर तासाभरात वाळते, कारण तिथली हवा कोरडी असते आणि पाणी पटापट शोषून घेते. जुलैत मुंबईची हवा आधीच वाफेने भरलेली असते. आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या खाली क्वचितच येते. अशा हवेत कुठल्याही ओल्या कापडावरून पाणी उडून जायचा वेग साधारण सारखाच आणि अतिशय मंद असतो. कापड सुती आहे की पॉलिएस्टर, याने त्या वेगात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो कापडाने मुळात किती पाणी धरलंय याचा. थोडं धरलं असेल तर ते लवकर संपतं, भरपूर धरलं असेल तर संपता संपत नाही.

सुती धागा पाणी आत घेतो. तो फुगतो, जड होतो, आणि पिळल्यावरही त्याच्या पोटातलं पाणी सहज बाहेर येत नाही. पॉलिएस्टरचा धागा पाणी आत घेतच नाही म्हटलं तरी चालेल. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत नुसतं ठेवलेलं सुती कापड स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा हवेतूनच उचलतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पॉलिएस्टरच्या कापडात जे पाणी असतं ते धाग्यांच्या मधल्या फटींत अडकलेलं असतं, झटकलं की त्यातलं बरंचसं निघून जातं.

पण यातूनच एक गैरसमज तयार होतो, की लेबलावर पॉलिएस्टर लिहिलं म्हणजे काम झालं. फटीत पाणी अडकतं म्हटल्यावर जितकं कापड जाड तितक्या फटी जास्त. आतून केसाळ असलेली जाडजूड ट्रॅकपँट शंभर टक्के पॉलिएस्टरची असली तरी भिजल्यावर पायाला ओझं होते. उलट पातळ सुती मलमल तिच्याआधी वाळू शकते. म्हणून दुकानात लेबल वाचायच्या आधी कापड दोन बोटांत धरून बघावं. जीन्सचं कापड चौरस मीटरला चारशे ग्रॅमच्या आसपास भरतं, साध्या शर्टाचं पॉपलिन सव्वाशेच्या आतबाहेर. म्हणजे तेवढ्याच पायावर तिप्पट कापूस. सहा-सातशे ग्रॅमची जीन्स चिंब भिजली तर हाताने पिळूनही तिच्यात जवळजवळ तिच्याच वजनाचं पाणी राहतं. पावसाळ्यात जीन्स घालणाऱ्यांना मी काही म्हणत नाही, पण ती घालून लोकलमध्ये शेजारी बसू नये एवढी विनंती आहे.

दुसरा गैरसमज याहून महाग पडतो, तो रेयॉनचा. गेली काही वर्षं बाजारातले छापील कुर्ते-पलाझो बहुतेक रेयॉनचे असतात. हाताला मऊ, अंगाला गार, खिशाला परवडणारे. कारखान्यात तयार होतं म्हणून ‘सिंथेटिक आहे, लवकर वाळेल’ असं सांगून ते जूनमध्ये खपवलं जातं. पण रेयॉन बनतं लाकडाच्या लगद्यापासून. ते पाणी पिण्यात कापसाच्याही पुढे आहे, आणि ओलं झालं की त्याची ताकद निम्म्यावर येते. कापसाचं उलट, सुती धागा ओला झाल्यावर थोडा मजबूतच होतो. भिजलेला रेयॉनचा पलाझो स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो. सकाळी घोट्यावर असलेली किनार चर्चगेटला किंवा फोर्टला पोचेपर्यंत टाचेखाली येते, आणि मग तिथेच फाटते. रेयॉन ओळखायचं असेल तर आतल्या शिलाईच्या मार्जिनमधला एक धागा काढून सांभाळून काडीने पेटवावा. रेयॉन आणि सुती धागा कागदासारखा भुरुभुरु जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून आक्रसतं आणि टोकाशी काळा, टणक मणी राहतो. दोन्ही दिसलं तर मिश्रण.

हे मिश्रण, म्हणजे जुनं टेरिकॉट, पावसाळ्यात मला अजूनही सर्वांत शहाणं कापड वाटतं. दोन भाग पॉलिएस्टर आणि एक भाग कापूस, असं साधारण त्याचं प्रमाण. त्याच्या शाळेच्या गणवेशांनी आपल्या पिढ्याच्या पिढ्या चार महिने काढले. शनिवारी धुतलेली चड्डी सोमवारी सकाळी, थोडी इस्त्री फिरवून का होईना, कोरडी मिळायची. आता त्याला कुणी त्या नावाने विचारत नाही, पण शर्टिंग-सूटिंगच्या दुकानात पातळ पॉली-कॉटन मागितलं की तेच निघतं. पायघोळ, झुळझुळीत काही हवं असेल तर पातळ क्रेप किंवा जॉर्जेट चांगलं. मात्र ते पॉलिएस्टरचं आहे की रेयॉनचं हे विचारून घ्यावं, कारण दोन्ही मिळतात. पुरुषांच्या फॉर्मल पँटचं नेहमीचं पॉली-व्हिस्कोस सूटिंगही, पातळ असेल तर, चालून जातं. सुती चिनो मात्र जीन्सचीच धाकटी बहीण.

पॉलिएस्टरला मर्यादाही आहे. दमट हवेत घाम उडत नाही, आणि धागाही तो पीत नाही, त्यामुळे अंगाला घट्ट बसणारं पॉलिएस्टर चिकटतं आणि जांघेत खाज सुटते. गजकर्णाला याहून चांगली जागा मिळणार नाही. आतले कपडे सुती आणि कोरडे, वरचं कापड सैल, आणि पिशवीत एक सुती जोड जादा, एवढं पाळलं की बरंच टळतं.

आता कापडाची निवड झाली तरी ते शिवलं कसं जातं यावर अर्धा खेळ असतो, आणि इथे शिंप्याशी बोलावं लागतं. आमचे शिंपीकाका जूनमध्ये माप घेताना न विचारताच टेप घोट्याच्या हाडावर थांबवतात. “ताई, दिवाळीला या, तेव्हा लांब ठेवू,” म्हणतात. घोट्याचं हाड जमिनीपासून साधारण तीन-चार इंचांवर असतं. किनार त्याच्या जरा वर राहिली तर साध्या डबक्यातल्या पाण्याशी तिचा थेट संबंध येत नाही. हा थेट संबंध टाळणं सर्वांत महत्त्वाचं, कारण सुती किंवा रेयॉनची किनार पाण्याला नुसती टेकली तरी पाणी धाग्याधाग्यातून वर चढत जातं. बुडालेला भाग अर्धा इंच आणि ओला भाग चार-पाच इंच, असं दिसतं ते त्यामुळे.

माप सरळ उभं राहून घेतात, आणि तिथे एक चूक राहून जाते. आपण चालतो, जिना चढतो, आणि पाय उचलताना मागची किनार टाचेकडे घसरते. सपाट चपलेत तर ती थेट चपलेच्या आणि टाचेच्या मध्ये जाते आणि प्रत्येक पावलाला चिखलात दाबली जाते. म्हणून पावसाळी पँटची लांबी रोजची चप्पल घालून ठरवावी, आणि शिंप्याला मागची बाजू अर्धा इंच वर घ्यायला सांगावी. पुढून कुणाच्या लक्षातही येत नाही.

लांबीपेक्षा मोहरीचा प्रश्न जास्त नाजूक आहे. लेगिंग किंवा चुडीदार पायाला चिकटून असतात, त्यामुळे शिंतोडे उडाले तरी फडफडत नाहीत, डबक्याला टेकत नाहीत. दिसायला ही आदर्श सोय. पण पाणी पोटरीपर्यंत चढलं की ती वर घेता येत नाही, आणि ओलं कापड कातडीला चिकटून दिवसभर तसंच राहतं. पलाझो वर घेता येतो, पण त्याचा घेर स्वतःहून प्रत्येक डबक्याची चौकशी करत जातो. दोन्हींच्या मधलं माप शोधायचं तर ते पोटरीवरून शोधावं. बहुतेक बायकांच्या पोटरीचा सर्वांत जाड भाग तेरा ते पंधरा इंच भरतो. पँटची मोहरी पूर्ण गोलाईत पंधरा-सोळा इंच, म्हणजे शिंपी सपाट मोजतात त्या हिशेबाने साडेसात-आठ इंच ठेवली, तर ती चालताना जमिनीवर लोळत नाही आणि हिंदमाताला पाणी दिसलं की एका हाताने गुडघ्याखाली सरकवता येते. आपली पोटरी मोजून त्यात इंचभर वाढवायचा, एवढंच.

आणि किनारीच्या आत काय आहे तेही पाहावं. सलवारीच्या मोहरीत कडकपणासाठी बकरम घालतात, त्यावर चार-पाच ओळी शिलाई मारतात. उन्हाळ्यात ते छान दिसतं. पावसाळ्यात तोच सलवारीचा सर्वांत जाड भाग सर्वांत ओल्या जागी येऊन बसतो. सगळी सलवार वाळली तरी मोहरी दमट राहते, बकरम आटून कापड फुगल्यासारखं होतं, आणि दुमडीत बारीक माती जाऊन बसते ती कितीही घासली तरी निघत नाही. पावसाळी पँटला बकरम नको, दोन इंचांची रुंद दुमडही नको. इंटरलॉक मारून एक बारीक घडी पुरते. पुरुषांच्या पँटला खाली बाहेरून वळवलेली घडी असेल तर ती पन्हळीचं काम करते. जूनपुरती उसवून टाकावी.

साडी नेसणाऱ्यांसाठी हीच गोष्ट फॉलच्या बाबतीत. पॉलिएस्टर जॉर्जेटच्या साडीला आत न भिजवलेला सुती फॉल लावला असेल तर पहिल्या पावसात फॉल आटतो, साडी आटत नाही, आणि निऱ्यांच्या तळाशी चुण्या पडतात. फॉल लावायला देतानाच तो आधी पाण्यातून काढायला सांगावा, किंवा साडी पॉलिएस्टरची तर फॉलही पॉलिएस्टरचा घ्यावा. बाकी साडी पाण्यात कशी नेसावी हे कोळणींना आणि भातलावणी करणाऱ्या बायकांना विचारावं. कासोटा घालून गुडघ्यापर्यंत वर खोचलेल्या लुगड्यात सगळा पावसाळा काढणाऱ्या बायकांपुढे आपण मोहरीची गणितं सांगणं म्हणजे थोडा आगाऊपणाच.

रंगाचं थोडक्यात. ओलं कापड गडद दिसतं, कारण धाग्यांच्या मधल्या हवेची जागा पाणी घेतं आणि उजेड कमी परततो. हा फरक फिकट राखाडी, आकाशी आणि खाकीवर सर्वांत जास्त उठून दिसतो. नेव्ही ब्लू, काळा आणि बारीक दाट प्रिंट यांच्यावर ओल आणि शिंतोडे दोन्ही लपतात. पांढरं का नको ते सांगायला नको.

वाळत घालताना एक छोटी युक्ती उपयोगी पडते. पँट कमरेने टांगली की सगळं पाणी उतरून किनारीशी जमतं आणि मग तिथून हलत नाही. अर्ध्या तासाने कोरड्या पंच्यात ती किनार धरून दाबली की एवढं पाणी निघतं की आश्चर्य वाटतं, आणि वाळायचा वेळ स्पष्ट कमी होतो. घरात दोरीवर कपडे एकावर एक न टाकता मध्ये चार बोटं जागा सोडून खाली पंखा लावला तर पंखा ओली हवा बाजूला सारत राहतो. कापड फार तास दमट राहिलं की त्यातले जिवाणू वाढतात आणि कुबट वास येतो. एकदा आला की नुसत्या साबणाने जात नाही. सुती असेल तर गरम पाण्यातून काढावं लागतं. अत्तर मारून काही होत नाही, कुबट अत्तर तयार होतं.

आता पाय. बाजारात पावसाळी बूट विकताना ‘पाणी आत जाणार नाही’ असं सांगतात. पण आपल्या रस्त्यांवर पाणी सोलकडून आत येत नाही, ते वरून, घोट्याकडून येतं. आणि एकदा आत आलं की जो बूट पाणी आत येऊ देत नव्हता तोच ते बाहेर जाऊ देत नाही. गमबूट गुडघ्यापर्यंत पाण्याला उत्तम. त्यावर पाणी गेलं की पायाला दोन बादल्या बांधल्यासारखं होतं. शेतात, गोठ्यात किंवा नाल्यात काम करणाऱ्यांना ते हवेतच, कारण लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जनावरांच्या, उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. ऑफिसला जाणाऱ्याला मात्र पाणी अडवणारी नव्हे, पाणी सोडून देणारी पादत्राणं लागतात. पट्ट्यांची, मागे टाचेला पट्टा असलेली रबरी किंवा प्लास्टिकची सॅंडल यात सर्वांत बसते.

टाचेच्या पट्ट्याचं महत्त्व पायघोळ कपड्याशी जोडलेलं आहे. हवाई चप्पल दर पावलाला टाचेपासून सुटते आणि परत आपटते, आणि सुटताना तळाचं चिखलपाणी मागे, थेट पोटरीवर उडवते. सलवारीच्या मागच्या बाजूला गुडघ्यापर्यंत जी ठिपक्यांची रांग दिसते ती रिक्षावाल्याने उडवलेली नसते, आपण स्वतः उडवलेली असते. टाचेला पट्टा असला की चप्पल पायाबरोबर उचलली जाते आणि शिंतोडे बरेच कमी होतात. शिवाय साचलेल्या पाण्यातून चालताना ती वाहून जात नाही.

पकडीसाठी तळ उलटा करून नखाने दाबावा. नख थोडं रुततं ते मऊ रबर ओल्या लादीवर धरतं. नख नुसतं घसरतं ते टणक प्लास्टिक स्टेशनच्या पुलावर आपल्यालाही घसरवतं. खाचा खोल आणि कडेपर्यंत गेलेल्या हव्यात, म्हणजे पायाखालचं पाणी बाजूला निघून जातं. टाचेशी खाचा झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर ती चप्पल कितीही आवडती असो, बाथरूमला द्यावी. बक्कल लोखंडी नको, गंजतो. वेल्क्रोत चिखल भरला की तो धरत नाही.

चालून पाय ओले झाले तर ऑफिसात पोचल्यावर बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करणं हे कुठल्याही चपलेपेक्षा जास्त कामाचं. चिखल्या तिथेच होतात. आणि साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं, त्यातून पायाला जखम असेल, तर मुंबई महापालिका दरवर्षी सांगते तसं ७२ तासांच्या आत डॉक्टरला गाठावं. लेप्टोवरचं प्रतिबंधक औषध द्यायचं की नाही ते त्यांना ठरवू द्यावं.

कोल्हापुरी आणि लेदरच्या चपला जून ते सप्टेंबर आत गेलेल्या बऱ्या. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल, हिरडा यांनी कमावलेलं असतं. भिजलं की त्यातला रंग पायाला लागतो, तळाचे थर फुगतात आणि वाळताना वाकडे होतात. ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत ओल कोंडून बुरशी येते. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवाव्यात आणि एखाद्या उघडीपीच्या दिवशी बाहेर काढून वारा द्यावा.

पण पावसाळ्यात सर्वांत फजिती करतात ते जपून ठेवलेले बूट. लग्नासाठी घेतलेले, दोन-तीन वर्षं खोक्यात असलेले, दिसायला नवेकोरे. पहिल्या पावसात स्टेशनवर त्यांच्या तळाचे तुकडे पडायला लागतात. हा तळ पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनच्या फेसाचा असतो, आणि त्याच्या अनेक प्रकारांना हवेतली ओल आतून पोखरते. न वापरताही ते होत राहतं. मुंबई-कोकणच्या हवेत जरा जास्तच. मेमध्ये ते खोकं उघडून तळाच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबून बघावं. चिकट लागलं, बारीक भेग दिसली किंवा भुगा निघाला तर त्या बुटाचं आयुष्य संपलं आहे. असा तळ चिकटवता येत नाही, शिवलाही तरी दोऱ्याच्या भोकापाशी तुटतो. नुसता तळ सुटलेला असेल आणि तळाचं रबर धड असेल तर गोष्ट वेगळी. चांभार त्याला कडेने टाके घालून देतो, आणि टाक्यांतून थोडं पाणी आत येणार हे गृहीत धरून तो बूट आणखी एक पावसाळा काढतो.